गायी आटतात तेव्हा हप्ता कुठून भरणार?

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे. कांजूरमार्गला दादाकडे राहतो, कुरियरच्या गोदामात काम करतो. गाव अकोले तालुक्यात. वडिलांच्या नावावर अडीच एकर बागायत आणि गोठ्यात एक एचएफ गाय आहे. आता गावी जाऊन आणखी सहा गायी घ्यायचं ठरवलंय. बँकेच्या मॅनेजरसाहेबांना पत्र दिलं. सहा गायी 80 हजारांप्रमाणे, गोठ्याची दुरुस्ती 70 हजार, कडबाकुट्टी 30 हजार, विमा 20 हजार, एकूण सहा लाख. प्रत्येक गाय 20 लिटर दूध देईल, 38 रुपये दराने महिन्याला 1 लाख 36 हजार येतील आणि पाच वर्षांत कर्ज फेडीन असं लिहिलं होतं. साहेबांनी वाचलं आणि ‘फेड कशी करणार ते नीट लिहून आण, व्याज 11 टक्के धर’ म्हणून परत दिलं. अजून काय लिहायचं? दादा बेस्टमध्ये आहे, जामीन राहायला तयार आहे. काही जण म्हणतात नाबार्डचं अनुदान मिळेल, ते पण लिहू का?
– एक वाचक, कांजूरमार्ग

उत्तर :

मॅनेजरनी पत्र परत दिलं, म्हणजे नाकारलं नाही. नाकारायचं असतं तर ठेवून घेतलं असतं आणि तुम्ही महिनोन् महिने खेटे घातले असते. त्यांना तुमच्या पत्रात काय खटकलं हे मला ओळखता येतं, कारण मुंबईला येण्याआधी बरीच वर्षं मी ग्रामीण शाखांमध्ये कृषी अधिकारी होतो आणि अशी पत्रं माझ्याच टेबलावर यायची.

त्यातलं एक अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तुमच्याच वयाचा मुलगा होता. त्याने एका आठवड्यात सहा गायी आणल्या, सगळ्या ताज्या व्यायलेल्या. प्रस्ताव मीच मंजुरीसाठी पाठवला होता. आठ-नऊ महिने हप्ते तारखेला जमा झाले, मग बंद पडले. मी गोठ्यावर गेलो. गोठा स्वच्छ, गायी धडधाकट, सहाही गाभण. दुधाची किटली मात्र भिंतीला पालथी ठेवलेली होती. मुलगा म्हणाला, ‘साहेब, सगळ्या एकदमच आटल्या.’ त्याचं काहीच चुकलं नव्हतं. एकत्र व्यायलेल्या गायी एकत्रच आटणार. हे मी आधी ओळखायला हवं होतं, कारण तो पहिल्यांदाच गोठा करत होता आणि मी नव्हे. दुधाचं बिल शून्य, सहा जनावरांचा खुराक चालू आणि हप्त्याची तारीख दर महिन्याला येणारच. तारीख उलटून 90 दिवस गेले की खातं थकीत धरलं जातं. पीककर्जाला हंगामांची मुदत मिळते, दुधाच्या कर्जाला ती मिळत नाही. गाय साधारण साडेतीन-चार महिने भाकड राहते आणि बँक तीन महिने थांबते. मॅनेजरना तुमच्या पत्रात या मधल्या महिन्यांचं उत्तर हवं आहे.

म्हणून आधी 20 लिटरचा आकडा बघू. तो खोटा नाही, पण ते गायीचं सर्वांत वरचं दूध आहे. व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांनी गाय तिथे पोचते आणि मग दर महिन्याला उतरत जाते. पाचव्या महिन्यात चौदा-पंधरा, आठव्यात नऊ-दहा, दहाव्यात पाच. गोठ्यावर वापरायचा सोपा हिशेब असा की वरच्या दुधाला 200 ने गुणलं की एका वेताचं दूध अंदाजे कळतं. म्हणजे 20 लिटरच्या गायीचं एका वेतात सुमारे 4,000 लिटर. आता दोन वेतांमधलं अंतर धरा. पुस्तकात ते तेरा महिने असतं, आपल्याकडे माज हुकतो, भरवलेली गाय उलटते आणि चौदा महिने सहज होतात. 4,000 लिटर चौदा महिन्यांवर पसरले तर रोजचे साडेनऊ लिटर पडतात. तुमची 20 लिटरची गाय कर्जाच्या कागदावर साडेनऊ लिटरची आहे. सहा गायींचे 57 लिटर, त्यातून वासरं आणि घर यांचे सरासरी तीन लिटर वजा करा, संकलन केंद्रावर 54 लिटर जातील.

दर 38 कुठून आला ते तुम्ही लिहिलेलं नाही. मुंबईत आपण पिशवीला मोजतो त्या पैशावरून गावच्या दराचा अंदाज बांधू नका, मधे संकलन, शीतकरण, वाहतूक, वितरण सगळं येतं. वडिलांच्या दुधाच्या बिलांवर काय दर पडलाय ते बघा, आणि एकाच चांगल्या महिन्याचं बिल बघू नका, वर्षभराची काढा. दर किती हलतो याचं उदाहरण फार जुनं नाही. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने गायीच्या 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या दुधाला किमान 34 रुपये ठरवून दिले होते. ते वर्ष संपेपर्यंत कित्येक ठिकाणी शेतकऱ्याच्या हातात 26-27 पडू लागले आणि जानेवारी 2024 पासून सरकारला लिटरमागे 5 रुपये अनुदान द्यावं लागलं. मी इथे 30 धरतो. तुमच्या बिलांची सरासरी वेगळी निघाली तर ती घाला, पण तिच्यात भविष्यातल्या वाढीची भर घालू नका.

54 लिटर, 30 रुपये, महिन्याला 48,600. खर्चात सर्वांत मोठा वाटा पशुखाद्याचा. हिरवा मका आणि मुरघास घरचा असेल तर गायीच्या अंगासाठी रोज एक किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खाद्य धरतात. 57 लिटरमागे ते रोज साधारण 29 किलो होतं. किलोला 30 रुपये धरले तर महिन्याला 26,100. चाऱ्याचं बियाणं, खत, मुरघासाचा खर्च मिळून 5,000 आणि रेतन, औषधं, खनिज मिश्रण, वीज यांचे 3,000 धरा. एकूण 34,100. विम्याचा वार्षिक हप्ता मी यात घेतलेला नाही, तो शेणखताच्या पैशातून भरा आणि पत्रात तसं लिहा. हाती उरले 14,500.

आता हप्ता. सहा लाखांत 15 टक्के, म्हणजे 90 हजार तुमचे. बँकेकडून 5 लाख 10 हजार. पाच वर्षांत फेडायचं तर 11 टक्क्यांनी महिन्याचा हप्ता 11,100 च्या आसपास येतो. 14,500 मधून तो भागतो, पण एक कासदाह, एक फुकट गेलेला माज, आणि गाडं अडलं. बँकेत सर्वसाधारणपणे असं बघतात की हप्ता शंभर रुपयांचा असेल तर त्यासाठी दीडशे रुपये तरी हाती उरावेत. इथे एकशे तीसच उरतात. म्हणून सात वर्षं मागा. पहिले सहा महिने फक्त व्याज, मग 78 हप्ते. हप्ता 9,200 च्या जवळ येतो आणि शंभराला एकशे सत्तावन्न उरतात. सात वर्षं मागितली तर कमकुवत दिसू अशी भीती बाळगू नका. जादा व्याज जातं हे खरं, पण दुधाला बरे दिवस आले की आगाऊ भरता येतं. पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यायला मात्र खातं आधी अडचणीत यावं लागतं.

ते पहिले सहा महिने मी का मागायला सांगतोय? कारण गायी दोन टप्प्यांत घ्यायच्या आहेत. आधी तीन, सहा महिन्यांनी तीन. प्रत्येक वेळी दुसऱ्या वेताच्या, महिन्याभरापूर्वी व्यायलेल्या. बँकही कर्ज दोन भागांत देईल आणि उचललेल्या रकमेवरच व्याज लावेल. पहिल्या टप्प्यात तीन गायी, गोठा, कडबाकुट्टी आणि त्या गायींचा विमा मिळून साडेतीन लाखांचं काम होतं, त्यात कर्ज तीन लाखांच्या थोडं आत आणि व्याज महिन्याला पावणेतीन हजार. त्याच वेळी तिन्ही गायी भर दुधावर असतात. वासरांचं दूध काढून रोज 43 लिटर केंद्रावर गेलं तरी खर्च आणि व्याज जाऊन महिन्याला दहा-अकरा हजार उरतात. हे पैसे खर्चू नका. दुसऱ्या टप्प्यातला तुमचा 37,500 चा वाटा त्यातून निघू शकतो आणि दोन हप्त्यांची शिल्लकही त्यातूनच उभी राहते.

ही शिल्लक कशासाठी, ते पहिल्या तीन गायी आटल्यावर कळतं. आणल्यापासून साधारण दहाव्या महिन्यात त्या दूध सोडतात. तेव्हा दुसऱ्या तीन गायी पाचव्या ते आठव्या महिन्यात असतात आणि रोज 35 लिटर दूध केंद्रावर जातं. त्याचे 31,500. भाकड गायही खातेच, त्यामुळे खर्च 26 हजारांच्या पुढे. उरतात पाच हजार, हप्ता 9,200. चार हजार कमी पडतात, असे साडेतीन महिने. म्हणजे चौदा हजारांचा खड्डा, आणि दोन हप्त्यांची शिल्लक आहे 18,400. सहा गायी एकदम घेतल्या असत्या तर याच काळात दूधच नसतं. तुमच्या जुन्या पत्रात हा खड्डा कुठे दिसत नव्हता. नव्या पत्रात तो तुम्ही स्वतः दाखवायचा आणि कशाने भरणार तेही सांगायचं.

दर 26 वर आला तर काय, हेही एका ओळीत लिहा. 54 लिटरचे 42,120 होतात, उरतात 8,020, म्हणजे हप्त्याला बाराशेच्या आत-बाहेर कमी पडतात. ते दादाने द्यायचे. जामीनदाराची सही मिळणं सोपं असतं. पण दूध उतरेल त्या महिन्यांत दादा दोन-तीन हजार पाठवू शकेल का, हे त्याच्याशी आणि वहिनींशी बसून बोला. त्यांच्या घरात आधीच कसले हप्ते चालू असतील तर मॅनेजरना ते दादाच्या सिबिलवरून दिसणारच आहेत.

मॅनेजरना आणखी एक गोष्ट पटवायची आहे. तुमचं आधार मुंबईचं, पगार मुंबईतला. पहाटे पाच वाजता धार कोण काढणार? आई-वडिलांच्या अंगावर सहा गायी टाकून तुम्ही मुंबईत राहणार असाल तर कुठलाही जाणता मॅनेजर कर्ज देणार नाही आणि देऊ नये. गावी राहायला कधी जाणार ती तारीख पत्रात लिहा. शक्य असेल तर आधी महिनाभर गावी राहा आणि आहे त्या गायीचं दूध, खुराक, रेतनाची तारीख वहीत स्वतःच्या हाताने लिहा. ती वही आणि वडिलांची वर्षाची बिलं सोबत नेलीत तर तपासणीला आलेला अधिकारी आधी तीच चाळेल. मीही तेच करायचो.

अनुदानाचं लिहू नका. नाबार्ड शेतकऱ्याला थेट कर्ज देत नाही, ती बँकांना पैसा पुरवते. ज्या डेअरी उद्योजकता योजनेच्या आठवणीवर लोक अजून बोलतात ती बंद झालेली आहे. दुसरी एखादी योजना त्या वेळी चालू असेल तर पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात कळेल, मिळालं तर कर्जखात्यात भरा. फेडीच्या हिशेबात ते धरू नका, आणि अनुदान मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातही उभं करू नका.

आता पत्र. मी असं लिहिलं असतं :

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
(बँक व शाखा)

विषय : सहा संकरित गायींसाठी 5,10,000 रुपये मुदत कर्ज मिळणेबाबत.

महोदय,

मी (नाव), रा. (गाव), ता. अकोले. वडिलांच्या नावे अडीच एकर बागायत असून ते सहकर्जदार राहतील. आमच्याकडे सध्या एक गाय असून तिच्या दुधाची मागील बारा महिन्यांची बिले जोडली आहेत. तिचे उत्पन्न खालील हिशेबात धरलेले नाही. मी मुंबईतील नोकरी सोडून दि. ____ पासून गावी राहणार असून गोठ्याचे काम मी व माझे आई-वडील करणार आहोत.

एकूण खर्च 6,00,000 रुपये आहे. त्यापैकी 90,000 रुपये मी भरणार आहे. गायी तीन-तीन अशा दोन टप्प्यांत, सहा महिन्यांच्या अंतराने घेणार आहे, जेणेकरून सर्व गायी एकाच वेळी आटणार नाहीत. कर्जही दोन टप्प्यांत द्यावे, ही विनंती.

दोन्ही टप्पे झाल्यावर, भाकड काळ धरून, रोज सरासरी 54 लिटर दूध केंद्रावर जाईल. 30 रुपये दराने महिन्याला 48,600 रुपये येतील. खाद्य, चारा, औषधोपचार व वीज यांचा खर्च 34,100 रुपये वजा जाता 14,500 रुपये उरतील. विम्याचे नूतनीकरण शेणखताच्या विक्रीतून करीन.

पहिले सहा महिने दरमहा व्याज भरीन. त्यानंतर 78 मासिक हप्ते, प्रत्येकी अंदाजे 9,200 रुपये. दूध केंद्राकडून दर दहा दिवसांनी बिल मिळते. प्रत्येक बिलातून 3,100 रुपये कपात करून थेट कर्जखात्यात भरण्याचे केंद्राचे संमतीपत्र सोबत जोडले आहे.

पहिल्या तीन गायी आटतील तेव्हा साडेतीन महिने हप्त्यास दरमहा सुमारे 4,000 रुपये कमी पडतील. त्यासाठी पहिल्या सहा महिन्यांच्या शिलकीतून 18,400 रुपये आपल्याच शाखेत मुदत ठेवीत ठेवीन. दुधाचा दर 26 रुपयांपर्यंत उतरल्यास महिन्याला येणारी सुमारे 1,200 रुपयांची तूट माझे मोठे बंधू भरतील. ते मुंबईत नोकरीस असून जामीनदार राहण्यास तयार आहेत. त्यांच्या पगारपत्रकाची प्रत जोडली आहे.

गोठा व चाऱ्याची पाहणी आपल्या सोयीच्या दिवशी करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)

या पत्रातला सर्वांत वजनदार कागद दूध केंद्राचा. प्रत्येक दहा दिवसांच्या बिलातून 3,100 कापले तर महिन्याला 9,300 होतात, हप्ता वेगळा आठवावा लागत नाही. पण केंद्रचालकाने नुसतं ‘बघू’ म्हटलं असेल तर पत्रात ते वाक्य घालू नका. त्याच्या लेटरहेडवर सही-शिक्का घ्या. केंद्र बिल रोख देत असेल तर आधी ते खात्यावर सुरू करून घ्या.

सोबत सातबारा, आठ-अ, सोसायटीचा बेबाकी दाखला आणि कडबाकुट्टीचं कोटेशन लागेल. सोसायटीचं पीककर्ज थकलं असेल तर पत्र देण्याआधी ते मिटवा. तारणाशिवाय शेतीकर्जाची मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 2 लाख आहे. तुमची रक्कम त्याच्या वर जाते, म्हणून गायींच्या नजरगहाणाबरोबर बँक जमिनीचंही गहाण मागू शकते. सातबाऱ्यावर बोजा चढेल हे वडिलांना आत्ताच सांगा, शाखेत सहीच्या वेळी नको. वाटणी झालेली नसेल आणि आत्या किंवा काकांची नावं असतील तर त्यांच्याशीही बोलणं आलं.

गाय घेताना व्यापाऱ्याच्या तोंडी लिटरवर जाऊ नका. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी, अशा तीन धारा समोर काढून घ्या. पहिली धार मोजू नका, कारण गाय विकायला काढताना आदल्या वेळचं दूध कासेत तुंबवून ठेवलेलं असतं आणि कास टम्म दिसते. उरलेल्या दोन धारा मोजल्या की खरं दूध कळतं. चारही सड स्वतः पिळून बघा. एखाद्यातून पाणचट किंवा गुठळ्यांचं दूध आलं तर ती गाय सोडा. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर विम्याच्या कागदाशी अंक-अंक ताडून बघा, आणि बिल्ला कधी पडला तर त्याच दिवशी डॉक्टरांना आणि विमा कंपनीला कळवून नवा मारून घ्या. बिल्ला नसलेल्या मेलेल्या गायीचा दावा मंजूर होत नाही, कर्ज मात्र तसंच राहतं.

मार्चमध्ये जाऊ नका, शाखेत कुणाला मान वर करायला वेळ नसतो. पत्राच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. पंधरा दिवसांत कुणी पाहणीला आलं नाही तर ती पोच दाखवून विचारा. आणि नोकरीचा राजीनामा मंजुरीचं पत्र हातात पडल्यावरच द्या.